राजाक्काचे बावन्न शनिवार

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांची जी गल्ली आहे, तिथं राजाबाईचा आवाज आधी पोचतो आणि राजाबाई मागून. वय छप्पन्न, शाळा चौथीपर्यंत, नाकात मोरणी आणि नाकावरच राग. गल्लीत सगळे तिला राजाक्का म्हणतात. तोंडावर म्हणतात तेही आणि पाठीमागं म्हणतात तेही, कारण पाठीमागं काही वेगळं म्हटलं तर ते तिला कळतंच.

विडी कंपनीच्या शाखेत माल द्यायला गेलं की तिथला तपासणीस सुपातल्या चांगल्या विड्या बाजूला काढायचा. "ही छाट," म्हणायचा. छाट म्हणजे नापास विडी. तिची मजुरी मिळत नाही, आणि विडीही परत मिळत नाही. वर्षानुवर्षं बायका मान खाली घालून हे बघत आल्या. एके दिवशी राजाबाईनं काउंटरवरची आपली सगळी छाट ओंजळीत घेतली आणि तिथंच एक-एक विडी मोडायला सुरुवात केली.

"अहो, काय करता?" तपासणीस ओरडला.

"खराब हाय न्हवं? मग तुमच्या काय कामाची? मोडत्ये."

"ते कंपनीचं आहे!"

"कंपनीचं हाय तर पैसं टाक. पैसं न्हाईत तर माझं हाय."

पुढच्या आठवड्यापासून छाट निम्म्यावर आली. विडीवाल्या बाईला हिशेब येत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा दिवसभर पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून दाखवावेत. हात चालत असतात, तोंड चालत असतं, आणि आत कुठंतरी आकडाही चालत असतो. तो चुकत नाही.

राजाबाईचा आकडा मात्र एकदा चुकला, आणि चुकला तो असा की सगळ्या गल्लीला धाप लागली.

सुरुवात झाली ती भरमाआप्पाच्या डंकापासून. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. लोखंडी उखळात दोन मुसळं आळीपाळीनं आपटतात आणि वर्षाची चटणी तासाभरात तयार. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये भरमाआप्पा तो चालवायचे. गुडघे गेले, मुलगा बेळगावला बोलवू लागला, तेव्हा आप्पांनी जाहीर केलं, "आणखी एक हंगाम मी चालवनार. पुढच्या पाडव्याला इकनार. शहाण्णव हजार. शेड भाड्यानं ठेवा."

राजाबाईच्या छातीत तंबाखूची धूळ बसली होती ती काही आजची नव्हे. तिच्याबरोबर ओट्यावर बसणाऱ्या सहा बायकांचंही तेच. ती तशीच उठली आणि आप्पांच्या दारात गेली.

"आप्पा, डंक आमी सात जनी घेतो."

"पैसं?"

"पाडव्याला. रोख."

"दिवं लागनीच्या आत आनलंस तर तुझा," आप्पा म्हणाले. "न्हाय आनलंस तर कागलचा येपारी हाय, कोगनोळी नाक्यापलीकडं टेंपो लावून बसलाय. शब्द म्हंजे शब्द."

"माझा बी शब्दच हाय की. काय शेंगा न्हाईत."

आता शहाण्णव हजार आणायचे कुठून? कर्ज हा शब्द राजाबाईसमोर काढायची सोय नव्हती. पुतणीच्या फोनवर तिनं एक गंमत पाहिली होती: बावन्न आठवड्यांची बचत. पहिल्या आठवड्यात दहा रुपये, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात तीस, अशी दर आठवड्याला दहानं वाढत बावन्नाव्या आठवड्यात पाचशे वीस. विडीची मजुरी शनिवारी मिळते, म्हणजे आठवडा आयताच बांधलेला.

शनिवारी संध्याकाळी पिग्मी गोळा करायला सुहास यायचा. पिग्मी म्हणजे सोसायटीचा माणूस दारात येऊन थोडेथोडे पैसे नेतो ती बचत. आपल्या भागात ती दुकानदारापासून भाजीवालीपर्यंत सगळे करतात. सुहास शहरातल्या जुन्या घरातला, शर्ट खोचलेला, बोलणं नीटनेटकं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "राजाक्का, दर आठवड्याला वेगळा आकडा कशाला? सरळ दोनशे पासष्ट भरा प्रत्येकीनं. बेरीज तेवढीच होते."

"दोनशे पासष्ट?" बाजूच्या जयाबाईनं पदर तोंडाला लावला. "पैल्याच शनवारी? मी चालले घरला."

"बघितलंस का?" राजाबाई म्हणाली. "दोनशे पासष्ट म्हटलं की पळत्यात. दहा म्हटलं की हसत येत्यात. आनि पाचशे येईपर्यंत सवय लागलेली असत्या."

"पण एकूण किती होतील ते काढलंय का? थांबा, मी कॅल्क्युलेटर…"

"ठेव तुझं त्ये. तुझ्या पावतीच्या मशिनीतला कागद दे हातभर."

सुहासनं पावतीचा रोल ओढून दिला. राजाबाईनं त्या लांबलचक पट्टीवर बावन्न चौकटी आखल्या, प्रत्येकीत आकडा लिहिला, दहापासून पाचशे वीसपर्यंत. मग पट्टी बरोबर मधोमध दुमडली, म्हणजे पहिली चौकट शेवटच्या चौकटीवर आली, दुसरी शेवटून दुसरीवर.

"धा आनि पाचशे ईस किती? पाचशे तीस. ईस आनि पाचशे धा? पाचशे तीस. ह्ये बघ, मधलं दोन, दोनशे साठ आनि दोनशे सत्तर. पुन्ना पाचशे तीस. जोड्या किती झाल्या? सव्वीस. सव्वीस पाचशे तीसा…" तिनं डोळे मिटले. "तेरा हजार सातशे ऐंशी."

सुहासनं गुपचूप फोनवर करून पाहिलं. तेरा हजार सातशे ऐंशी. "राजाक्का, ह्याला दहावीत अंकगणिती श्रेढी म्हणतात. पहिलं पद अधिक शेवटचं पद, गुणिले पदांची निम्मी संख्या."

"म्हनंनात का. आमी जोड्या म्हंतो. सात जनींचं शहाण्णव हजार चारशे साठ. डंक घेऊन चारशे साठ उरत्यात. नारळ, पेढं."

"मग एक एप्रिलपासून धरू या? जानेवारी-डिसेंबरच्या कॅलेंडरवर तारखा लावून देतो."

आणि इथं राजाबाई चुकली. पण त्या वेळी ती चूक आहे असं त्या ओट्यावरच्या एकीलाही वाटलं नाही, सुहासलाही नाही, मलाही वाटलं नसतं. ती ताठ होऊन म्हणाली, "जानेवारी कुनाची रं? आपलं वर्स पाडव्याला. पाडवा ते पाडवा. वर्साचं आठवडं बावन."

पाडवा तीस मार्चला, रविवारी झाला. पहिला शनिवार आला पाच एप्रिलला. सात जणींनी दहा-दहाच्या नोटा टाकल्या आणि सत्तर रुपयांची पावती बघून दहा मिनिटं हसल्या.

पावसाळा लागेपर्यंत खेळ सोपा होता. श्रावणात रक्कम दोनशेच्या घरात गेली तेव्हा ओट्यावरचं हसणं थांबलं. गणपतीत एकजण म्हणाली, ह्या शनवारी न्हाय जमनार. राजाबाईनं तिच्याकडं नुसतं बघितलं. पैसे आले. दिवाळीनंतर तीनशेवर गेलं तेव्हा जयाबाईनं चहाची पूड बदलली, आणि तिच्या नवऱ्यानं त्या चहाला कसलं कसलं नाव ठेवलं ते छापण्यासारखं नाही. पण पट्टीवरची चौकट दर शनिवारी भरत गेली. राजाबाईनं ती पट्टी देव्हाऱ्याशेजारी चिकटवली होती.

पंचेचाळिसावा शनिवार झाला, सात फेब्रुवारीचा. प्रत्येकीचे साडेचारशे. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाबाई चुलीवर दूध ठेवून कॅलेंडरपाशी गेली. तिला पाडव्याच्या चौकटीला कुंकू लावायचं होतं. मार्चचं पान उलटलं. महिनाअखेरीला बोट नेलं. पाडवा नाही. बोट वर सरकत गेलं. एकोणीस. गुरुवार. गुढीपाडवा.

"ह्ये काय?" ती कॅलेंडरला म्हणाली.

उरलेले शनिवार मोजले. चौदा, एकवीस, अठ्ठावीस, सात, चौदा. पाच. पट्टीवरच्या रिकाम्या चौकटी मोजल्या. सात. पुन्हा मोजले. शनिवार पाचच आणि चौकटी सातच. दूध उतू गेलं.

पंचांगाचं वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचं असतं हे आपल्याला माहीत असतं, आणि नसतंही. सण दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडं येतात, मग अधिक महिना येऊन मागं ढकलतो, हे आजीपासून ऐकलेलं. पण वर्ष म्हटलं की बावन्न आठवडे, हेही ऐकलेलं. ही दोन ऐकलेली गाठोडी राजाबाईनं एकमेकांसमोर कधी सोडलीच नव्हती. पाडवा ते पाडवा पन्नासच शनिवार बसत होते. आणि गळाले ते कुठले? शेवटचे दोन. पाचशे दहा आणि पाचशे वीस. सगळ्यांत जड.

तिनं पट्टी काढली, शेवटच्या दोन चौकटी मागं दुमडल्या आणि उरलेल्या पन्नासांच्या जोड्या लावल्या. दहा आणि पाचशे, पाचशे दहा. पंचवीस जोड्या. बारा हजार सातशे पन्नास. सात जणींचे एकोणनव्वद हजार दोनशे पन्नास. शहाण्णवला सहा हजार साडेसातशे कमी.

पैसे कमी पडले ह्याचं दुःख एक. "ठेव तुझं कॅल्क्युलेटर" असं ज्या तोंडानं म्हटलं, त्याच तोंडानं आता सांगायचं, ह्याचं दुःख दुसरं, आणि खरं सांगायचं तर तेच मोठं. राजाबाई सोमवारी भरमाआप्पांकडं गेली.

"आप्पा, पंधरा दीस पुढं सरकतंय का?"

"का गं?"

"सहज इचारलं."

"सहज इचारायला तू काय सहज बाई हायस व्हय?" आप्पा हसले, पण मान हलवली नाही. "कागलवाला रोज फोन करतोय. पाडवा म्हंजे पाडवा. तूच म्हनलीस."

खरंच होतं, तीच म्हणाली होती. मंगळवारी तिनं गळ्यातली बोरमाळ काढून वजनाचा अंदाज घेतला, बुधवारी ती पुन्हा घातली. एकटीनं भरून टाकावं आणि कुणाला कळूच देऊ नये, असं दोन दिवस मनात घोळत होतं. पण सहा जणींनी पन्नास आठवडे चहा पातळ करून पैसे टाकायचे आणि चूक राजाबाईची म्हणून तिनं माळ मोडायची, हे तिलाच पटेना. ती माळ म्हणजे छाटच झाली असती. नापास म्हणून फुकट ठेवून घेतलेल्या विडीसारखी.

शनिवारी, चौदा तारखेला, सगळ्या ओट्यावर जमल्या. सुहास मशीन काढून बसला. राजाबाईनं पट्टी मांडीवर पसरली.

"ऐका. मी चुकल्ये."

हे वाक्य त्या तोंडातून कुणी कधी ऐकलंच नव्हतं. जयाबाईनं तर तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप न्हाय," ती इतरांना म्हणाली.

राजाबाईनं सगळं सांगितलं. पन्नास शनिवार, दोन जड चौकटी, सहा हजार साडेसातशे. सांगून झाल्यावर ती सुहासकडं वळली. "हसायचं आसंल तर आत्ताच हसून घे."

"मी कशाला हसू?" सुहास म्हणाला. "पंचेचाळीस आठवडे मीही पावत्या फाडल्या. माझ्याही लक्षात नाही आलं." मग त्याला राहवलं नाही. "फक्त एक सांगतो. सरळ दोनशे पासष्ट भरले असते तर दोन आठवडे गेल्यानं प्रत्येकीचे पाचशे तीसच कमी पडले असते. आणि उलटं धरलं असतं, पाचशे वीसपासून खाली, तर शेवटी राहिले असते वीस आणि दहा. सात जणींचे मिळून दोनशे दहा."

"दोनशे धा!" जयाबाई किंचाळली. "ह्ये तवा का न्हाय बोललास रं?"

"बोलू कुठं दिलंत?"

हिशेब करून पाहिला. पाच शनिवारात प्रत्येकीनं साडेनऊशेच्या वर जादा टाकायचे, तेही साडेचारशे-पाचशेच्या वर. ते होणार नव्हतं. बायकांनी सुपं पुढं ओढली. आणि तंबाखू भरता भरता जयाबाई एकदम म्हणाली, "डंकावर नंबर लागत्यात न्हवं?"

"मग?"

"हंगामात पाटंपासनं रांग असत्या. दुसरीची तिखाट मिरची उखळात ऱ्हायली की आपली चटनी जाळ. पैला नंबर पायजे म्हनून बायका भांडत्यात. आपन नंबर आत्ताच देऊ. कुटायचं पैसं आदी घ्यायचं."

राजाबाईच्या कपाळावर आठी पडली. "म्हंजे उधारीच की."

"उधारी कशी? कामाचं पैसं. काम करून फेडायचं न्हाय, काम करायचंच हाय."

ह्यावर राजाबाईनं दोन विड्या वळल्या. तिसरी वळताना म्हणाली, "किलोला पंचेचाळीस. तीन किलोचा एक नंबर, एकशे पस्तीस. असं नंबर किती लागतील?" आणि सुहासचा हात खिशाकडं जायच्या आत तिनंच उत्तर दिलं, "पन्नास."

सुहासनं बोटांवर काही जुळवलं आणि मान डोलावली. मग न सांगता पावतीच्या रोलमधून वीतभर नव्हे, चांगला दोन हात कागद ओढून दिला.

पुढचा महिना निपाणीत मिरची कमी आणि नंबर जास्त गाजले. एक नंबरासाठी शिक्षिका आणि पोस्टमनची बायको समोरासमोर आल्या. राजाबाईनं दोघींना सांगितलं, एक नंबर माझ्याकडंच हाय, दोन आनि तीन घ्या. "तुमचा डंक हाय कुठं पण?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "डंक हितंच हाय. मालक बदलायचा तेवढा बाकी हाय." काही जणी हसल्या आणि गेल्या. एकीनं पंधरा दिवसांनी येऊन पैसे परत मागितले. राजाबाईनं लगेच दिले आणि नंबर दुसरीला विकला.

पन्नासावा शनिवारही झाला. पाचशेच्या सात नोटा. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी नंबर मोजले: सत्तेचाळीस. सहा हजार तीनशे पंचेचाळीस. चारशे पाच रुपये कमी.

"चारशे पाच तर मी टाकते," जयाबाई म्हणाली.

"तू टाकलंस की बाकीच्या पाचजनी म्हननार आमी बी टाकतो, आनि मग वाटणीचं भांडान. सगळ्यांचं सारखं ठरलंय, सारखंच ऱ्हाईल. उद्याचा दीस हाय अजून."

पाडव्याला गुढी उभारून, कडुनिंब चघळून राजाबाई दारोदार फिरली. सणाच्या दिवशी कुणी मिरचीबद्दल ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. दुपार झाली. पुरणाचा वास सगळीकडं आणि तिच्या पोटात फक्त निंब. कागलचा टेंपो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभाही राहिला. व्यापारी खाली उतरून उसाचा रस पीत होता.

चार वाजता सातजणी पैशांची पिशवी घेऊन आप्पांच्या सोप्यावर बसल्या. सुहास सोसायटीतून काढून आणलेली रक्कम मोजत होता. "पंच्याण्णव हजार पाचशे पंच्याण्णव," तो हळूच म्हणाला.

"शहाण्णव ठरलंय," आप्पा म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. चारशे पाच त्यांनी सोडलेही असते. तसं त्यांच्या तोंडावर आलंही होतं. पण राजाबाईनं हात वर केला.

"सोडू नका आप्पा. उद्या गल्ली म्हनंल, राजाला दया दाखवली. दिवं लागायला दोन तास हाईत."

आतून अंबुबाई आल्या, आप्पांच्या पत्नी. हात पुरणानं भरलेला तसाच. "नंबर म्हनं इकायलीयस तू?"

"व्हय काकू."

"मला का न्हाय इचारलंस?"

राजाबाई गोंधळली. "तुमाला? काकू, डंक तुमचाच की!"

"आज दिवं लागंपत्तूर. उद्या कुनाचा? चाळीस वर्सं फुकाट कुटून घेतली मी. बेळगावला लेकाकडं जायाचं म्हंजे चटनी न्यायाला नगो? सून तिकडची पुडी वापरत्या, तोंडात धरवत न्हाय." त्या कमरेची पिशवी सोडू लागल्या. "नऊ किलो हाय माझी. किती झालं?"

सोप्यावरच्या सातही बायकांचे ओठ एकदम हलले. नऊ पंचेचाळीस.

"चारशे पाच," राजाबाई म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच तिच्या मागून आला.

"तीन नंबर दे मग. लागोपाठ दे, मधी कुनाची लवंगी नगो."

सुहासनं पावत्या फाडल्या. अंबुबाईंनी पैसे राजाबाईला दिले, राजाबाईनं ते पिशवीत टाकले, पिशवी आप्पांना दिली. आप्पा नोटा मोजता मोजता थांबले. "अगं, ह्ये तर मी सकाळी तुला भाजीला दिलेलं पैसं."

"मग गेलं का बाहीर कुटं?" अंबुबाई म्हणाल्या. "मोजा गुमान."

शहाण्णव हजार भरले. एक रुपया वर नाही की खाली नाही, त्यामुळं नारळ सुहासला आणावा लागला. कागलच्या व्यापाऱ्यानं रस संपवला, राजाबाईकडं बघून कपाळाला हात लावला आणि रिकामा टेंपो वळवला. जयाबाईनं त्याला ओरडून विचारलं, "चटनी कुटायची हाय काय? एक्कावन नंबर मोकळा हाय!"

दोन दिवसांनी शनिवार. डंक सकाळपासून धडधडत होता, सगळ्या गल्लीला शिंका लागल्या होत्या. पहिले दीडशे किलो आगाऊ पैशातले, म्हणून गल्ल्यात एक दमडी नव्हती. तरी विडीची मजुरी घेऊन सातजणी ओट्यावर हजर. राजाबाईनं नवीन पट्टी आखली होती. ह्या खेपेला पहिल्या चौकटीत पाचशे वीस आणि शेवटच्या चौकटीत दहा.

"पाचशेची सवय लागल्याच की," ती म्हणाली. "आता उतरत जायाचं. मिरचीच्या दिसात जड, पावसाळ्यात हलकं."

सुहासनं फोनवर काहीतरी उघडलं. "राजाक्का, ह्या वर्षी अधिक महिना आहे. पुढचा पाडवा सात एप्रिलला. आजपासून मोजले तर पंचावन्न शनिवार येतात."

"पंचावन?"

"बावन्न चौकटी झाल्यावर तीन शनिवार उरतात."

राजाबाईनं पट्टीकडं बघितलं, मग बायकांकडं. सातातल्या पाचजणींना जावई होते, आणि अधिक महिन्यात जावयाला बोलवून वाण द्यावं लागतं, हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

"त्यो तीन शनवारचा पैसा जावयांचा," जयाबाई म्हणाली.

"जावयांचा?" राजाबाई कडाडली. "माझ्या जावयाला मी एक किलो चटनी देनार. ती बी नंबर लावून. काढ रं पावती, पाचशे ईस."